सात महिने इंटरॅक्टिव्ह व्हिडिओ वापरल्यावर: क्लिकचा आकडा आणि शेवटपर्यंत टिकणारे लोक

सुरुवातीलाच सांगते, व्हिडिओच्या मध्येच प्रश्न आणि निवडीच्या वाटा घालून देणारं हे टूल चांगलं आहे. माझी तक्रार आहे ती त्याच्या डॅशबोर्डबद्दल, आणि त्यातला अर्धा दोष माझाही आहे, कारण तीन महिने मी तो डॅशबोर्ड जसाच्या तसा खरा मानत होते.

माझं काम प्रशिक्षणाचे व्हिडिओ करण्याचं. ज्याच्याबद्दल लिहितेय तो व्हिडिओ अग्निशामक सिलिंडर कसा वापरायचा यावर आहे, साधारण नऊ मिनिटांचा. त्यात २ मिनिटं १० सेकंदांवर एक पोल येतो: ‘तुमच्या मजल्यावर सिलिंडर कुठे आहे, माहीत आहे का?’ साडेचार मिनिटांवर फांदी फुटते. आग विजेच्या पॅनेलला लागलीय की कागद-कापडाला, हे पाहणाऱ्याने निवडायचं. त्याप्रमाणे पुढचा भाग वेगळा येतो आणि शेवटी दोन्ही वाटा एकाच समारोपाला मिळतात.

पहिल्या महिन्याचा अहवाल पाहून मी खूश होते. १,००० जणांनी व्हिडिओ सुरू केला, पोलचा क्लिक रेट ३१ टक्के, आणि त्याखाली ठळक अक्षरांत: पोलला उत्तर देणाऱ्यांपैकी ७० टक्क्यांनी व्हिडिओ पूर्ण केला, न देणाऱ्यांपैकी ३४ टक्क्यांनी. म्हणजे पोलमुळे माणसं दुपटीने टिकतात! मी लगेच पुढच्या व्हिडिओत चार पोल घातले.

आमच्याकडे आकडेवारी बघणारे एक सहकारी आहेत. त्यांनी अहवाल बघून एवढंच विचारलं, “मॅडम, ज्यांना पुढे बघायचंच होतं तेच क्लिक करत नसतील कशावरून?”

मी त्या दिवशी चिडले होते. पण कच्च्या नोंदी उतरवून घेतल्या तेव्हा कळलं की गोंधळ दोन ठिकाणी आहे. पहिला गोंधळ भागाकारातला. ३१ टक्के हे व्हिडिओ सुरू करणाऱ्या १,००० जणांवर काढलेले होते. त्यातल्या ६२० जणांसमोरच पोल आला होता, बाकीचे आधीच निघून गेले होते किंवा पट्टी पुढे ओढून पोल ओलांडून गेले होते. ६२० पैकी ३१० जणांनी उत्तर दिलं, म्हणजे खरा क्लिक रेट ५० टक्के. इथे चूक माझ्या फायद्याची नव्हती, उलट पोल होता त्यापेक्षा वाईट दिसत होता. पण याच भागाकारामुळे दुसऱ्या मिनिटाचा पोल आणि सातव्या मिनिटाचा पोल यांची तुलना निरर्थक ठरते. उशिरा येणारा पोल नेहमीच पडेल दिसतो, कारण त्याच्यापर्यंत पोचणारेच कमी असतात.

दुसरा गोंधळ जास्त खोल होता, आणि तो सहकाऱ्यांच्या प्रश्नातला. उत्तर देणारा माणूस स्क्रीनकडे बघतोय, हात माउसवर आहे, विषयात थोडाफार रस आहे. उत्तर न देणाऱ्यांत व्हिडिओ मागे लावून ईमेल लिहिणारेही येतात. या दोघांची तुलना करून पोलचं श्रेय काढणं म्हणजे पहिल्या बाकावर बसणाऱ्यांना जास्त मार्क मिळतात म्हणून बाकाला शाबासकी देणं.

खरं काय ते बघायला एकच रस्ता होता: चिठ्ठ्या टाकल्यासारखं निम्म्या लोकांना पोल दाखवायचा, निम्म्यांना नाही. टूलमध्ये दोन आवृत्त्या आपोआप वाटून देण्याची सोय आहे, आणि त्यासाठी त्याला पूर्ण गुण. पण एक गोष्ट हाताने करावी लागली. पोल नसलेल्या आवृत्तीतही २:१० या सेकंदाला एक अदृश्य खूण ठेवली, म्हणजे तिथपर्यंत पोचलेल्यांची नोंद होते. ती नसती तर एका बाजूला ‘पोलपर्यंत पोचलेले’ आणि दुसऱ्या बाजूला ‘व्हिडिओ सुरू केलेले सगळे’ अशी तुलना होऊन पुन्हा तोच घोळ झाला असता. शिवाय पोल दिसलेल्या गटात क्लिक न करणाऱ्यांनाही धरायचं. त्यांना वगळलं की चिठ्ठ्यांचा उपयोग संपला.

निकाल असा आला. पोल दिसलेल्या ६०० जणांपैकी ३१२ जणांनी व्हिडिओ पूर्ण केला, न दिसलेल्या ६०० पैकी ३०६ जणांनी. ५२ टक्के आणि ५१ टक्के. प्रत्येकी ६०० माणसं असली की साधारण सहा टक्क्यांपर्यंतचा फरक नुसत्या योगायोगानेही पडू शकतो, त्यामुळे हा एक टक्का म्हणजे काहीच नाही. दुपटीची गोष्ट तिथेच संपली.

पोल मी तरीही ठेवला, पण वेगळ्या कारणासाठी. सिलिंडर कुठे आहे हे किती जणांना माहीत नाही, हे त्यातून कळतं आणि ते कळणं मोलाचं आहे. त्याच्याकडून माणसं टिकवण्याची अपेक्षा मात्र काढून टाकली.

मधल्या काळात एक मोह झालाच. सेटिंगमध्ये ‘पोल आल्यावर व्हिडिओ थांबवा’ असा पर्याय आहे. तो चालू केला आणि क्लिक रेट ५० वरून ८६ टक्क्यांवर गेला. उघडून पाहिलं तर ‘वगळा’ बटण दाबणंही क्लिकमध्येच धरलेलं! नोंदीत `poll_answered` आणि `poll_skipped` वेगळे येतात, डॅशबोर्ड दोघांची बेरीज दाखवतो. आणि व्हिडिओ पूर्ण करणारे ५२ वरून ४५ टक्क्यांवर आले होते. का, ते शोधणं सोपं गेलं. प्रत्येकाने शेवटचा सेकंद कोणता पाहिला याचा रकाना लावला, तर २:१० वर निघून गेलेल्यांचा चक्क ढीग दिसला. न थांबणाऱ्या आवृत्तीत तिथे असं काही नव्हतं. थांबलेला व्हिडिओ म्हणजे उठून जायला मिळालेलं आमंत्रण. कुणाचा क्लिक रेट ८० च्या वर दिसला तर मी आता आधी विचारते, व्हिडिओ थांबतो का.

उलट प्रकारही घडला. काही फोनवर क्लिक रेट जवळजवळ शून्य होता. पूर्ण स्क्रीन केल्यावर ते फोन व्हिडिओ स्वतःच्या प्लेअरमध्ये चालवतात आणि वर ठेवलेला पोल दिसतच नाही, पण टूल मात्र ‘दाखवला’ अशी नोंद करून मोकळं होतं. दुखणं जुनंच आहे म्हणा. यूट्यूबची अ‍ॅनोटेशन, म्हणजे व्हिडिओवर येणाऱ्या क्लिक करण्याच्या चौकटी, मोबाइलवर चालत नसत. २०१७ मध्ये नवीन टाकणं बंद झालं आणि जानेवारी २०१९ मध्ये उरलेलीही काढली गेली. फोनच्या प्रकारानुसार आकडे वेगळे केल्याशिवाय हे कळत नाही.

आता फांदीबद्दल, कारण मी सगळ्यात जास्त फसले ती इथे.

फांदीपर्यंत पोचलेले ५०० जण. डॅशबोर्ड सांगत होता: ‘पॅनेल’ वाट ६४ टक्क्यांनी निवडली, पण त्यातल्या ४१ टक्क्यांनीच व्हिडिओ पूर्ण केला. ‘कागद-कापड’ वाट ३६ टक्क्यांनी निवडली आणि त्यातल्या ६८ टक्क्यांनी पूर्ण केला. मी ठरवलं की पॅनेलचा भाग कंटाळवाणा झालाय. नव्याने लिहायला घेतला, चित्रीकरणाची तारीखही धरली.

मग लक्षात आलं की दहा सेकंदांत कुणी काहीच निवडलं नाही तर टूल स्वतःच पहिली वाट धरतं. आणि पहिली वाट होती पॅनेल. `branch_default` ही नोंद वेगळी काढली तेव्हा ३२० चे दोन तुकडे झाले. १४० जणांनी पॅनेल स्वतः निवडलं होतं, त्यातल्या ९७ जणांनी व्हिडिओ पूर्ण केला, म्हणजे ६९ टक्के. १८० जणांनी काहीच निवडलं नव्हतं, त्यातले ३४ शेवटपर्यंत पोचले, म्हणजे १९ टक्के. दुसरी वाट निवडणाऱ्या १८० पैकी १२२ पोचले, म्हणजे ६८. पॅनेलच्या भागात काहीच वाईट नव्हतं. खुर्ची सोडून गेलेल्या लोकांचं ओझं त्याच्या खात्यावर टाकलं जात होतं, इतकंच.

खात्री करायला पुढच्या महिन्यात कागद-कापड ही आपोआप धरायची वाट केली, बाकी काही बदललं नाही. डॅशबोर्डने लगेच कागद-कापडाला नापास केलं आणि पॅनेलला वर नेलं. चित्रीकरण रद्द केलं. फांदी असलेला व्हिडिओ वापरणाऱ्या प्रत्येकाने ही अदलाबदल एकदा तरी करून बघावी, त्यात खर्च काहीच नाही.

याच्यासोबत एक किरकोळ पण त्रासदायक गोष्ट. टूल ‘पूर्ण’ म्हणजे एकूण लांबीच्या ९० टक्के धरतं, आणि एकूण लांबीत दोन्ही वाटा मोजतं. एकच वाट बघणारा माणूस तिथे कधीच पोचत नाही. म्हणून मी सुरुवातीपासूनच ‘समारोपाचा भाग सुरू झाला’ ही स्वतःची नोंद लावली आणि डॅशबोर्डलाही तीच ‘पूर्ण’ म्हणून धरायला लावली. वर दिलेले सगळे आकडे त्यावरचे आहेत. वाटा लांबीने असमान असतील तर तेही पुरत नाही, कारण तीन मिनिटांच्या वाटेवर दीड मिनिटाच्या वाटेपेक्षा जास्त लोक गळणारच. माझ्या दोन्ही वाटा जवळपास सारख्या होत्या म्हणून निभावलं.

शेवटचा प्रयोग मला अजून पूर्ण पचलेला नाही. व्हिडिओच्या सुरुवातीलाच विचारलं, ‘तुम्ही सिलिंडर कधी हाताळलाय का?’ हो म्हणणाऱ्यांना ओळखीची दोन मिनिटं गाळून पुढे नेलं. सरळ व्हिडिओशी चिठ्ठ्या टाकून तुलना केली, तर शेवटपर्यंत पोचणारे ५१ वरून ६० टक्के झाले. हा फरक योगायोगाच्या पलीकडचा होता. पण निवड दिली म्हणून लोक टिकले की व्हिडिओ लहान झाला म्हणून? तिसरी आवृत्ती केली, कसलीही निवड नाही, ती दोन मिनिटं सगळ्यांसाठी कापलेली. ५८ टक्के. म्हणजे बहुतेक काम कात्रीचंच होतं.

तरी लहान आवृत्ती ठेवली नाही. व्हिडिओनंतरच्या पाच प्रश्नांत, सिलिंडर कधीच न हाताळलेले लोक त्या आवृत्तीत पिन आधी काढायची की नळी आधी धरायची इथेच अडखळत होते. फांदी असलेल्या आवृत्तीत ते तसे अडखळले नाहीत, कारण त्यांची दोन मिनिटं शाबूत होती. शेवटपर्यंत पोचणं दोन्हीकडे सारखं, पोचलेल्यांना येत होतं ते वेगळं. हे डॅशबोर्डवरच्या कुठल्याच चौकटीत दिसत नाही, कारण प्रश्नांची उत्तरं दुसऱ्या टूलमध्ये असतात आणि दोन्ही याद्या मला दर महिन्याला हाताने जोडाव्या लागतात.

पाचपैकी साडेतीन तारे. आवृत्त्या वाटून देणं आणि कच्च्या नोंदी उतरवून देणं यासाठी तीन, आणि अर्धा, कारण मदत विभागाने मागच्या आठवड्यात `branch_default` वेगळा रकाना म्हणून दाखवायचं कबूल केलंय. तो आला की बघू.