सायटिका: कळ कुठपर्यंत उतरते ते बघत काढलेले सात महिने

ऑगस्टमध्ये कपाशीवर फवारणी चालू होती. सोळा लिटरचा पंप भरून बांधावर ठेवलेला. वाकलो, अंगाला पीळ देऊन तो पाठीवर घ्यायला गेलो आणि कंबरेत चमक निघाली. दोंडाईच्याच्या आमच्या पट्ट्यात असं झालं की पहिला शब्द निघतो तो उसण. गल्लीतल्या पायाळू काकूंनी पाय लावला, दोन दिवसांत कंबर बरीच मोकळीही झाली. तिसऱ्या दिवशी सकाळी तोंड धुताना शिंक आली आणि उजव्या कुल्ल्यातून मांडीच्या मागून, पोटरीच्या बाहेरच्या अंगानं थेट पायाच्या अंगठ्यापर्यंत कळ गेली. करंट लागल्यासारखी. आई ओट्यावरून विचारत होती, "काय व्हयनं रे भाऊ?" मला उत्तरही देता येईना.

उसण कंबरेत राहते. कळ गुडघ्याच्या खाली उतरली, खोकला-शिंकेनं वाढली, पायाला मुंग्या आल्या, की मणक्यातून निघणाऱ्या नसेवर दाब आल्याची, म्हणजे सायटिकाची, शंका घ्यायची. धुळ्याच्या डॉक्टरांनी मला उताणं झोपवलं आणि गुडघा सरळ ठेवून उजवा पाय हळूहळू वर उचलला. अर्ध्यावरही गेला नसेल तोच कळ अंगठ्यात पोचली. त्यांनी सांगितलं की चौथ्या-पाचव्या मणक्यामधली गादी सरकून पाचवी नस दाबली गेली असावी, कारण अंगठ्याचा रस्ता त्या नसेचा. खालची नस दाबली असती तर कळ पोटरीच्या मागून करंगळीकडे गेली असती. एमआरआय लगेच करायचा नाही म्हणाले, बहुतेकांचं सहा ते बारा आठवड्यांत निवळतं. तेव्हा मला ते पटलं नव्हतं. पैसे गेले तरी चालतील, पण फोटो काढा, असं मी म्हणत होतो.

पहिले तीन आठवडे मला तारलं ते प्लास्टिकच्या खुर्चीनं. जमिनीवर सतरंजी टाकून उताणं झोपायचं आणि दोन्ही पोटऱ्या खुर्चीच्या बैठकीवर ठेवायच्या. मांड्या उभ्या आणि गुडघे काटकोनात आले पाहिजेत. माझी चूक अशी व्हायची की खुर्ची लांब राहायची, मग गुडघे सरळ व्हायचे आणि नस पुन्हा ताणली जायची. खुर्ची कुल्ल्याजवळ ओढून घेतली की दोन-तीन मिनिटांत पाय सैल पडायचा. दहा-पंधरा मिनिटं, दिवसातून चार-पाच वेळा. यानं गादी जागेवर जात नाही, पण नसेला विसावा मिळतो, आणि तेवढ्या विसाव्यावर मी उठून अंगणात दहा मिनिटं चालू शकायचो. दिवसभर पडून राहिलो तर मात्र संध्याकाळी पाय जास्तच आखडायचा.

रात्रीसाठी बाज सोडली, कारण तिच्या झोळात कंबर खाली जाते. जमिनीवर दोन गोधड्या, डाव्या कुशीवर झोप, उजवा पाय वर. दोन्ही पायांच्या मध्ये उशी ठेवा असं सगळेच सांगतात, पण नुसती गुडघ्यांत ठेवली तर घोटा खाली लोंबतो आणि कुल्ला पिळतो. मी एक गोधडी लांब घडी करून गुडघ्यापासून घोट्यापर्यंत ठेवली, त्या रात्री पहिल्यांदा सलग चार तास झोपलो. उठताना आधी कुशीवर, मग पाय खाली सोडत हातांवर जोर देऊन उठायचं. उताण्यावरून सरळ उठलं की कळ ठरलेली.

चौथ्या आठवड्यात फिजिओथेरपिस्टनं पालथं झोपायला लावलं. आधी दोन मिनिटं नुसतं पालथं, मग कोपरांवर छाती उचलून अर्धा मिनिट, असं पाच वेळा. पहिल्याच दिवशी कंबर जास्त दुखली आणि मी घाबरलो. त्यानं विचारलं, "अंगठ्यात किती आहे?" अंगठ्यात काहीच नव्हतं, कळ पोटरीत येऊन थांबली होती. मग त्यानं समजावलं की कळ किती आहे यापेक्षा ती कुठपर्यंत उतरते हे बघायचं. वर सरकत कंबरेकडे आली तर, कंबर थोडी जास्त दुखली तरी, ते चांगलं लक्षण. खाली उतरायला लागली तर तो व्यायाम तिथंच बंद. त्या दिवसापासून मी रोज रात्री कॅलेंडरवर एकच शब्द लिहायला लागलो: अंगठा, पोटरी, मांडी किंवा कुल्ला. गोळ्या, पट्टा, शेक यांपेक्षा या एका शब्दानं मला जास्त कळलं. घरी जेवायला मांडी घालून बसलो की दुसऱ्या दिवशी "पोटरी" यायची, म्हणून जेवण उंच खुर्चीवर आणि संडासात कमोडची खुर्ची. एका जागी बसणं वीस मिनिटांच्या आत. डिसेंबरात सारंगखेड्याच्या यात्रेला जीपनं गेलो, खड्ड्यांतून तासभर बसलो, आणि चार दिवस पुन्हा "पोटरी" लिहिलं.

पण हे सगळ्यांना लागू नाही. शेजारच्या नानांचं वय सत्तरीच्या पुढं. त्यांना चालताना दोन्ही पाय भरून येतात आणि सायकलच्या हँडलवर वाकलं की बरं वाटतं. त्यांनी माझं बघून पालथं झोपून पाहिलं तर रात्रभर तळमळले. त्यांच्यात नसांची वाटच अरुंद झाली आहे, त्यांना पुढं वाकलेली स्थितीच मानवते.

आता जे मला सर्वांत जास्त सांगायचं आहे ते. ऑक्टोबरच्या मध्यावर कळ दोन दिवसांत एकदम ओसरली. मी खूश. पण उजवी चप्पल पायातून निसटायला लागली आणि उंबऱ्याला अंगठा अडखळला. आरशासमोर टाचांवर चालून पाहिलं, तर डावा पंजा वर राहायचा आणि उजवा खाली पडायचा. दुखणं गेलेलं नव्हतं, नस दाबून बधिर होत होती. त्याच दिवशी धुळं गाठलं. या वेळी डॉक्टरांनीच एमआरआय सांगितला. अंगठ्याची ताकद थोडी कमी झाली होती, पूर्ण गेलेली नव्हती, म्हणून दर आठवड्याला तपासायचं आणि अशक्तपणा वाढत गेला तर ऑपरेशन, असं ठरलं. तो वाढला नाही. डिसेंबरअखेर पंजा सरळ उचलला जाऊ लागला. टाचांवर दहा पावलं आणि चवड्यांवर दहा पावलं मी आजही रोज सकाळी चालतो. करंगळीकडच्या नसेचा अशक्तपणा चवड्यांवर उभं राहताना कळतो.

याहून मोठी धोक्याची खूण वेगळी आहे, आणि संकोचामुळे लोक ती बोलत नाहीत. लघवी तुंबली, सुटायला लागली किंवा लागलेली कळेना. शौचावर ताबा राहिला नाही. गुदाभोवती, जांघेत, म्हणजे सायकलच्या सीटला टेकणाऱ्या भागात बधिरपणा आला. दोन्ही पायांत एकदम कळ किंवा अशक्तपणा आला. यातलं एकही झालं तर सकाळची वाट बघायची नाही. रात्रीच गाडी करून मोठ्या दवाखान्यात जायचं. तिथं तासांचा हिशोब असतो, उशीर झाला तर लघवीचा ताबा कायमचा जाऊ शकतो. आणि पाठदुखीसोबत ताप, वजन उतरणं, आडवं पडूनही न थांबणारं रात्रीचं दुखणं असेल, पूर्वी क्षय किंवा कर्करोग झाला असेल, किंवा पडल्यावर दुखणं सुरू झालं असेल, तर खुर्ची-उशी करत बसू नका, आधी तपासून घ्या.

कंबरेचा पट्टा मी फक्त एसटीच्या प्रवासात लावला. दुखण्याची गोळी पाच दिवसांची दिली होती, मी मेडिकलवरून स्वतःहून पंधरा दिवस घेतली आणि जळजळीनं जेवण सुटलं. ती चूक माझी.

मार्च लागला आहे. कॅलेंडरवर महिनाभर काही लिहावं लागलं नव्हतं, परवा एकदा "कुल्ला" लिहिलं. पंप आता बैलगाडीच्या साटीवर ठेवून अर्धाच भरतो आणि कंबर न वाकवता तिथूनच पाठीवर घेतो.