आधारवरचे 18 की शाळेतले 17: तालुक्याचं कोर्ट आणि बाल न्याय मंडळ

यवतमाळ जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या कोर्टात मी वकिली करतो. पोरगा पकडला गेला की दुसऱ्या दिवशी सकाळी बाप येतो, आणि त्याच्या डोक्यात कायद्याच्या आधी एसटीचं भाडं असतं. नोव्हेंबर 2024 मध्ये असाच एक बाप आला होता. गावाबाहेरच्या गोदामाचं कुलूप तोडून रात्री सोयाबीनची सहा पोती गेली होती. तिघं सापडले. दोघं पंचविशीतले, तिसरा याचा पोरगा. पोराचं काम एवढंच, की लाइट बंद केलेली मोटारसायकल घेऊन रस्त्यावर उभं राहायचं आणि कोणी आलं तर शीळ घालायची.

पोलिसांच्या कागदावर त्याचं वय 18 होतं. ते आलं आधार कार्डावरून, तिथं जन्मतारीख 01/01/2006. शाळेत मात्र 14 जून 2007. म्हणजे घटनेच्या रात्री पोरगा साडेसतराच्या आत.

बाप म्हणाला, "वकीलसाहेब, अठराच राहू द्या ना. इथल्या कोर्टात परवा सुटन म्हणते. यवतमाळले हेलपाटे कोण मारन?"

प्रश्न खुळा नव्हता. पोरगा 18 च्या आतला धरला तर प्रकरण बाल न्याय मंडळाकडे जातं. मंडळ जिल्ह्याच्या ठिकाणी बसतं, तालुक्याचं कोर्ट दहा मिनिटांवर. म्हणून दोन्ही वाटा त्याच्यासमोर मांडल्या.

आधी कोठडीचं बोललो. पोरगा सज्ञान धरला तर त्या दोघांसोबत पोलीस कोठडी, आणि जामीन लांबला तर जिल्हा कारागृह. 2015 च्या बाल न्याय कायद्यात 18 च्या आतल्या मुलाला लॉकअपमध्ये किंवा तुरुंगात ठेवताच येत नाही. प्रवासाचा वेळ सोडून 24 तासांत त्याला मंडळापुढे न्यावं लागतं. एरवी मुलाच्या किरकोळ किंवा गंभीर प्रकरणात एफआयआरही होत नाही, ठाण्याच्या डायरीत नोंद होते. इथं सोबत मोठी माणसं होती, त्यामुळे एफआयआर झाला. तरी खटला वेगळाच चालतो.

जामिनाचं गणित मात्र बापाला वाटत होतं तसं सरळ नाही. रात्रीची घरफोडी अजामीनपात्र, त्यामुळे सज्ञानाला जामीन द्यायचा की नाही हे न्यायाधीशांच्या हाती. 'परवा सुटन' ही कोणीतरी दिलेली आशा. मुलाच्या बाबतीत गुन्हा अजामीनपात्र असला तरी जामीन हाच नियम. तो नाकारायला कारण लागतं: सुटल्यावर मुलगा गुन्हेगारांच्या संगतीत जाईल, त्याला धोका होईल, किंवा न्यायाचा हेतूच फसेल. आणि नेमकी इथंच मेख आहे. ते दोघं याच्याच गल्लीतले. मंडळानं संगतीचं कारण धरलं असतं तर पोरगा निरीक्षणगृहात गेला असता, कदाचित ते दोघं बाहेर आल्यावरही. ही जोखीम मी लपवली नाही. पण तिच्यावर उपाय असतो. मामा दुसऱ्या तालुक्यात राहतो म्हटल्यावर त्याला हमीपत्रासाठी बोलावून घेतलं.

मग शिक्षा. चोरीसाठी रात्री घर फोडलं तर भारतीय न्याय संहितेत 14 वर्षांपर्यंत कैद आहे. प्रथम वर्ग न्यायदंडाधिकारी तीन वर्षांच्या वर देऊ शकत नाहीत, पण शिक्षा ती शिक्षाच. काही जण तर सल्ला देतात, गुन्हा कबूल करा, दंड भरा, मोकळे व्हा. तसं मोकळं होता येत नाही, कैदेची तरतूद तिथं आहेच, आणि दोषी ठरल्याचा शिक्का राहतो. हा पोरगा पहाटे चारला रस्त्यानं पोलीस भरतीसाठी पळणारा. मंडळापुढे दोष सिद्ध झाला तरी जास्तीत जास्त तीन वर्षं विशेष गृह. त्याच्या आधी समज देणं, समुपदेशन, समाजसेवा, परिविक्षा म्हणजे चांगल्या वागणुकीच्या अटीवर देखरेखीखाली मोकळं राहणं, असे मार्ग आहेत. कलम 24 मुळे त्या निकालानं अपात्रता लागत नाही, आणि ठरलेल्या मुदतीनंतर नोंदी नष्ट करायच्या असतात.

"म्हणजे लहान म्हणून माफी?" बापासोबत आलेले सरपंच म्हणाले. फिर्यादी त्यांचा चुलतभाऊ, तेव्हा राग साहजिक. माफी नाही म्हटलं. कायदा असं धरत नाही की सतराच्या पोराला चोरी म्हणजे काय ते कळत नाही. सात वर्षांच्या आतल्यालाच गुन्हा लागत नाही, आणि सात ते बारामध्ये समज किती होती ते बघतात. सतराव्या वर्षी कळतं, पण वळत नाही. सोबतीचे दोघं 'चल बे' म्हणतात तेव्हा नाही म्हणायची आणि पुढचं मोजायची ताकद मेंदूत उशिरा पक्की होते. हाच पोरगा दुपारी एकटा असता तर त्या गोदामाकडे फिरकलाही नसता. शिवाय या वयातली खोड बहुतेकांची पुढं सुटते. मोठ्या चोरांसोबत कोठडीत ठेवलं तर ती धंदा होते. म्हणून केलं काय, यासोबत मंडळ घर, शाळा, संगत सगळं बघतं. न्यायदंडाधिकाऱ्यांसोबत तिथं दोन सामाजिक कार्यकर्ते बसतात, त्यात एक बाई असावीच लागते.

ही तुलना एका ठिकाणी बदलते. ज्या गुन्ह्याला किमान शिक्षाच सात वर्षं किंवा जास्त, तो 'घृणास्पद'. त्यात मुलगा 16 च्या वर असेल तर मंडळ त्याची प्राथमिक तपासणी करतं: शारीरिक-मानसिक कुवत, परिणामांची समज, परिस्थिती. त्यावरून खटला बाल न्यायालयाकडे जाऊन सज्ञानासारखा चालू शकतो. तेव्हाही फाशी किंवा सुटकेची शक्यता नसलेली जन्मठेप देता येत नाही. घरफोडीला कमाल 14 असली तरी किमान काही नाही, म्हणून ती 'गंभीर' गटात. कमाल जास्त पण किमान काही नाही अशा गुन्ह्यांचा गट कोणता, हा घोळ सर्वोच्च न्यायालयानं 2020 मध्ये मिटवला, 2021 च्या दुरुस्तीत तेच आलं. ठाण्यात अजूनही '14 वर्षांचं कलम हाय' म्हणून घाबरवतात. उलट सतराचा पोरगा पंधराच्या पोरीसोबत पळून गेला तर गावाला ते प्रेमप्रकरण वाटतं, पण शरीरसंबंधाचं पॉक्सो कलम लागलं की तो घृणास्पद गट.

राहिला पुरावा. वय घटनेच्या दिवशीचं धरतात. खटला चालता चालता पोरगा वीसचा झाला तरी फरक पडत नाही, आणि हा मुद्दा कुठल्याही कोर्टात, कधीही काढता येतो. कायद्यात क्रम ठरलेला आहे: शाळेचा जन्मतारखेचा दाखला किंवा मॅट्रिकचं प्रमाणपत्र, नसेल तर ग्रामपंचायत किंवा नगरपालिकेचा जन्मदाखला, तोही नसेल तरच हाडांची तपासणी. तिच्यात दोनेक वर्षं इकडची तिकडं होतात. आधार या यादीत नाहीच. नुसत्या टीसीवर सरकारी वकील हरकत घेतात, म्हणून मुख्याध्यापकांच्या सहीचा जन्मतारखेचा दाखला वेगळा घ्यावा आणि दाखलखारीज रजिस्टरचा उतारा सोबत जोडावा. (आमच्याकडे निम्म्या गावाचा वाढदिवस 1 जूनला असतो, गुरुजींची कृपा. याची तारीख 14 होती, तेवढीच हरकत कमी.)

बाप उठला तो थेट शाळेत गेला. दुपारी रिमांडच्या वेळी दाखला अर्जासोबत दिला. न्यायाधीशांनी वय नोंदवून पोराला कागदांसह मंडळाकडे पाठवलं. मामाच्या हमीवर तिथं जामीन झाला. चौकशी चार महिन्यांत संपायला हवी, दोन महिने वाढवून मिळाले. बापाच्या सात चकरा झाल्या, दोनदा मंडळ बसलंच नाही. शेवटी वर्षभराची परिविक्षा आणि समुपदेशन. त्या दोघांचा खटला इथंच तालुक्याला चालू आहे, आणि परवाच्या तारखेलाही साक्षीदार आला नव्हता.