ॲडमिन व्हा म्हणाले तर: सरळ नकार, ‘बघू’, की अर्धा होकार?

मोठ्या ग्रूपमध्ये जरा नियमित बोलणाऱ्या, भांडणात न पडणाऱ्या माणसाला कधी ना कधी हा मेसेज येतोच: ‘तुम्ही ॲक्टिव्ह असता, तुम्हाला ॲडमिन करू का?’ मनातून नको असेल, तर समोर साधारण चार वाटा असतात. सरळ नाही म्हणायचं, ‘बघू’ म्हणायचं, ‘ॲडमिन नको, मॉडरेटर चालेल’ म्हणायचं, किंवा पद न घेता मदत करायची.

‘बघू’ची वाट सगळ्यात सोपी वाटते आणि सगळ्यात महाग पडते. विचारणाऱ्याला माणूस हवा असतो, त्यामुळे त्याच्या कानाला ‘बघू’ हा होकारच ऐकू येतो. त्यात व्हॉट्सॲपवर तुमच्या संमतीची पायरीच नाही. कोणताही ॲडमिन तुमच्या नावावर बोट दाबून `Make group admin` करू शकतो, की लगेच तुमच्या नावासमोर ॲडमिनची पट्टी लागते. फेसबुक ग्रूपमध्ये निदान आमंत्रण येतं आणि ते नाकारता येतं. म्हणजे व्हॉट्सॲपवर गुळमुळीत उत्तर दिलंत, तर सकाळी उठून तुम्ही ॲडमिन झालेले असू शकता. मग नकार राहत नाही, राजीनामा होतो, आणि त्याची चर्चा ग्रूपभर होते. तसं झालंच, तर ज्याने केलं त्यालाच खाजगीत `Dismiss as admin` करायला सांगा.

अर्धा होकार ऐकायला समंजस वाटतो, पण पदांमधला फरक नीट बघा. फेसबुकवर मॉडरेटर पोस्ट मंजूर करतो, काढतो, सदस्याला बाहेर काढतो. ग्रूपची सेटिंग्ज मात्र ॲडमिनच्या हातात. थोडक्यात, सदस्यांचा राग तुमच्या वाट्याला आणि तो राग ज्या नियमामुळे आला तो बदलणं दुसऱ्याच्या हातात.

समजा ग्रूप नऊशे जणांचा आहे आणि रोज तीस पोस्ट मंजुरीला येतात. एकेकीला अर्धा मिनिट धरलं तरी पंधरा मिनिटांत काम संपतं, आणि ‘फार वेळ लागत नाही हो’ म्हणणारे हाच हिशेब सांगतात. या हिशेबात नसतो तो एकतिसावा प्रकार. एकाची जाहिरातवजा पोस्ट तुम्ही काढता. तो इनबॉक्समध्ये विचारतो, ‘गेल्या आठवड्यात अमक्याची चालली, माझी का नाही?’ अमक्याची दुसऱ्या मॉडरेटरने मंजूर केलेली असते. आता तुम्ही त्या मॉडरेटरला विचारा, तो मुख्य ॲडमिनकडे बोट दाखवणार, ॲडमिन ऑफलाइन. इकडे पोस्टवाल्याने स्क्रीनशॉट ग्रूपमध्ये टाकलेला असतो. पंधरा मिनिटांची संध्याकाळ झाली. व्हॉट्सॲपवर तर ॲडमिनने मेसेज काढला की कुणी काढला तेही तिथेच दिसतं. टेलिग्राममध्ये कोणत्या ॲडमिनला नेमके कोणते अधिकार द्यायचे ते ठरवता येतं, नाव झाकूनही काम करता येतं. तिथे अर्धा होकार थोडा तरी सुसह्य आहे.

पद न घेता मदत मला बरी वाटते, पण तिला कुंपण हवं. ‘स्पॅम दिसलं तर रिपोर्ट करतो’ एवढंच. भांडण सोडवायला तुम्हालाच टॅग करू लागले, तर तुम्ही बिनपदाचे ॲडमिन झालात असं समजा.

राहिला सरळ नकार. त्यातली खरी मेख कारणात आहे. ‘वेळ नाही’ म्हटलंत तर ‘आठवड्याला एकच दिवस बघा’ येतं. ‘मला जमणार नाही’ म्हटलंत तर ‘शिकवतो की’ येतं. ज्याच्यावर तोडगा निघतो असं कारण देऊच नये. खाजगीत, शक्यतो त्याच दिवशी, एवढं पुरतं: ‘विचारलंत, बरं वाटलं. पण मी कुठल्याच ग्रूपची जबाबदारी घेत नाही, इथे सदस्य म्हणूनच राहीन. कृपया मला ॲडमिन करू नका.’ शेवटचं वाक्य गाळू नका, विशेषतः व्हॉट्सॲपवर. आणि पहिल्या भागात जे म्हणाल ते खरं असू द्या, कारण पुढच्या महिन्यात दुसऱ्या ग्रूपमध्ये तुम्ही ॲडमिन दिसलात की खोटं उघडं पडणारच. तसं असेल तर ‘या ग्रूपची’ एवढंच लिहा. ग्रूपमध्ये जाहीर नकार तेव्हाच द्यावा, जेव्हा घोषणाही न विचारता ग्रूपमध्येच झाली असेल.

एका परिस्थितीत मात्र मी नकाराआधी थांबेन. ग्रूपला एकच ॲडमिन असेल आणि तो थकलेला दिसत असेल, तर. व्हॉट्सॲपवर एकमेव ॲडमिन बाहेर पडला, की उरलेल्यांपैकी कुणातरी एकाला ॲप आपोआप ॲडमिन करतं. तो कोण निघेल याचा भरवसा नाही. अशा वेळी ‘चावी माझ्याकडे राहू द्या, रोजचं काम मी करणार नाही, आणि हे ग्रूपमध्ये तुम्हीच लिहा’ अशी अट घालून राखीव ॲडमिन होणं पटण्यासारखं आहे. ती अट ग्रूपमध्ये लिहायला तो का-कू करू लागला, तर वरचा खाजगी मेसेज तसाच पाठवा.