ठिपक्यांचा फॉन्ट, सात महिन्यांनंतर: 'कमळ'वर तीन टोप्या

"शब्दावर एकच रेघ ओढावी." लेकीच्या वहीत बाईंचा हा लाल शेरा पाहून मी आधी तिला दटावलं आणि मग या फॉन्टमध्ये मीच छापलेली गिरवायची पानं काढून बघितली. चूक तिची नव्हती. पान सांगेल तसंच ती सात महिने गिरवत होती.

सुट्या अक्षरांना हा फॉन्ट झकास आहे. कुठून सुरू करायचं, कुठे वळायचं, हे बाण आणि आकडे नीट दाखवतात. पण 'कमळ' टाइप करा. क, म, ळ तिघांच्याही डोक्यावर शिरोरेषेचा वेगळा बाण! मूल क लिहितं, त्याला टोपी घालतं, मग म, पुन्हा टोपी. आम्ही शिकलो ते असं, की आधी तिन्ही अक्षरं लिहायची आणि मग डावीकडून उजवीकडे एक सलग रेघ ओढायची. तुकड्यातुकड्यांनी ओढलेली रेघ सांध्यावर खाली-वर होते, तेच वहीत उतरलं होतं.

बनवणाऱ्यांना मेल केला. उत्तर आलं, फॉन्टमध्ये प्रत्येक अक्षर सुटं असतं, त्याला शब्द कळत नाही. हे मला पटलेलं नाही. शेजारचं अक्षर बघूनच तर हाच फॉन्ट जोडाक्षर बनवतो! मग आधी अक्षर असेल तर मधला बाण लपवणं का जमू नये?

एक तारा कापायचं ठरवलं होतं, तेवढ्यात 'धन' आलं. लेकीने नव्या उत्साहाने सलग रेघ मारली आणि ध चा घ झाला. 'भात'चा 'मात' झाला. ध आणि भ वर रेघ मुद्दाम तुटलेली असते आणि ठिपक्यांत ती फट बरोबर सोडली आहे. म्हणजे रेघेचे ठिपके बरोबर आहेत, चुकलेत ते बाण.

आता सुट्या अक्षरांसाठी बाणवाली फाइल आणि शब्दांसाठी त्याच संचातली बिनबाणाची वापरते. शब्द छापून झाला की शिरोरेषेच्या सुरुवातीला लाल पेनाने एकच बाण काढते. संचाचे पैसे भरलेत, तर दोन्ही फाइली वसूल करणारच.

पानावरच्या आखणीच्या रेघांबद्दल थोडक्यात. आखणी फॉन्टमध्येच आहे, अगदी मोकळ्या जागेच्या अक्षरातही. म्हणून मजकूर दोन्ही कडांना ताणून बसवला की शब्दांमधली आखणी तुटते, डावीकडेच ठेवा. प्रिंट १०० टक्क्यांवर काढा. 'पानात बसवा' निवडलं की अक्षर गुपचूप आकसतं. माझ्या पानावर ७२ पॉइंटला शिरोरेषेपासून पायापर्यंत १६ मिमी भरायला हवं होतं, पहिल्या महिन्यात १४ भरत होतं आणि मी पेन्सिलीला दोष देत होते.

तारे तीन. मधले बाण गेले की चौथा देईन.