मुक्त विद्यापीठाची पदवी आणि परदेशी मास्टर्स: नोकरीच्या अर्जात कोणती कशी मांडावी

महाराष्ट्रात राज्यसेवेसारख्या परीक्षांच्या जाहिरातीत शैक्षणिक अर्हतेच्या रकान्यात साधारण असं वाक्य असतं: सांविधिक विद्यापीठाची पदवी, किंवा शासनाने तिच्याशी समतुल्य म्हणून मान्य केलेली अर्हता. या वाक्याचे दोन भाग आहेत. आपली पदवी कोणत्या भागात बसते हे कळलं, की ती कशी लिहायची आणि सोबत कोणता कागद जोडायचा हे ठरवणं सोपं जातं.

नाशिकचं यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठ 1989 साली राज्याच्या विधिमंडळाने कायदा करून स्थापन केलं. इग्नू 1985 च्या संसदेच्या कायद्याने उभं राहिलं. कायद्याने स्थापन झालेलं विद्यापीठ म्हणजेच सांविधिक विद्यापीठ, म्हणून इथली पदवी वाक्याच्या पहिल्या भागात येते, ती थेट पदवीच आहे. तरीही बरेच उमेदवार अर्ज भरताना 'समतुल्य' हा पर्याय निवडतात, मग कागदपत्र तपासणीच्या वेळी समतुल्यतेचं प्रमाणपत्र मागितलं की कुठून आणायचं म्हणून धावाधाव करतात. या पदवीसाठी असं व्यक्तिगत प्रमाणपत्र लागतच नाही. इंग्लंडमधल्या विद्यापीठाची एमएससी मात्र वाक्याच्या दुसऱ्या भागात येते. तिथे समतुल्यता कोणीतरी ठरवून कागदावर द्यावी लागते.

आधी मुक्त विद्यापीठाचं पाहू, कारण गैरसमज तिथेच जास्त आहेत. समजा, साताऱ्याच्या एका मुलीने 2018 ते 2021 या काळात सीएच्या ऑफिसात अकाउंट्स असिस्टंट म्हणून पूर्णवेळ काम करता करता बी.कॉम. केलं. अभ्यासकेंद्र शहरातल्याच एका कॉलेजात होतं. आता तिला पुण्यातल्या कंपनीत अर्ज करायचा आहे. पदवी दूरशिक्षणाने केली हे लिहावं का, हा तिचा प्रश्न. न लिहिण्याकडे पुष्कळांचा कल असतो, पण तिच्या बाबतीत ते तोट्याचं आहे. रेझ्युमेवर पूर्णवेळ नोकरी आणि पदवी यांची वर्षं एकच दिसतात, आणि एचआरला पहिली शंका पदवीच्या दर्जाची येत नाही, यातली कोणती तरी एक गोष्ट खोटी आहे अशी येते. 'मुक्त विद्यापीठ, नोकरी सांभाळून' इतकं लिहिलं की ती शंका मिटते. उलट, ज्याची नोकरी आणि शिक्षणाची वर्षं एकमेकांवर येत नाहीत त्याने पद्धत वेगळी लिहिण्याची फारशी गरज नाही, विद्यापीठाच्या नावातच ती आली. अर्जात पद्धतीचा रकाना असेल, तर मात्र खरं तेच भरायचं.

खरी अडचण वेगळ्याच जागी होते. अनेक जण विद्यापीठाच्या जागी अभ्यासकेंद्राच्या कॉलेजचं नाव टाकतात. ऑफर मिळाल्यावर पार्श्वभूमी पडताळणी करणारी संस्था त्या कॉलेजला विचारते. कॉलेजच्या नियमित विद्यार्थ्यांच्या नोंदीत नाव नसतं, कारण नोंद नाशिकला असते. अहवालात 'नोंद आढळली नाही' असा शेरा येतो आणि खरी पदवी असूनही ऑफर अडकते. म्हणून साताऱ्याच्या त्या मुलीची ओळ अशी हवी:

बी.कॉम., यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठ, नाशिक, 2021 (मुक्त व दूरशिक्षण पद्धत, पूर्णवेळ नोकरीसह)

कायम नोंदणी क्रमांक रेझ्युमेवर नको, पडताळणीच्या फॉर्ममध्ये मात्र तो गुणपत्रिकेवरून अचूक उतरवायचा.

मुलाखतीत 'ही पदवी रेग्युलरसारखी धरतात का?' असं विचारलं तर उत्तर एका वाक्यात द्यावं: यूजीसीच्या 2020 च्या मुक्त व दूरशिक्षण विनियमांतल्या विनियम 22 नुसार मान्यताप्राप्त संस्थेची अशी पदवी पारंपरिक पद्धतीच्या पदवीशी समतुल्य आहे, आणि यूजीसीने सप्टेंबर 2022 मध्ये जाहीर सूचना काढून हे पुन्हा स्पष्ट केलं आहे. ती सूचना फोनमध्ये ठेवावी, मागितली तरच दाखवावी. न विचारता रेझ्युमेवरच विनियमांचा परिच्छेद छापला, तर वाचणाऱ्याच्या मनात नसलेली शंका आपणच पेरतो.

या उत्तराला मर्यादा आहेत. मान्यता संस्थेला सरसकट नसते, ती शिक्षणक्रमानुसार आणि वर्षानुसार असते. यूजीसीच्या deb.ugc.ac.in या संकेतस्थळावर आपण प्रवेश घेतला त्या वर्षाच्या यादीत संस्था आणि शिक्षणक्रम दोन्ही आहेत का ते पाहावं आणि ते पान जपून ठेवावं. अभियांत्रिकीची पदवी दूरशिक्षणाने घेतली असेल, तर वरचं उत्तर चालणार नाही. सर्वोच्च न्यायालयाने नोव्हेंबर 2017 मध्ये काही अभिमत विद्यापीठांनी दिलेल्या अशा पदव्यांवर कठोर निकाल दिला आहे. आणि ज्यांनी पूर्वी बारावी न होता 'पूर्वतयारी' करून पदवीला प्रवेश घेतला, त्यांनी बारावीच्या रकान्यात पूर्वतयारी लिहू नये. जाहिरातीत बारावी स्वतंत्रपणे मागितली असेल तर अर्ज तिथेच अडतो. हे कळायला क्लेशदायक आहे, पण निवड झाल्यावर कळण्यापेक्षा आधी कळलेलं बरं.

आता परदेशी मास्टर्स. नागपुरातून बी.ई. करून 2023-24 मध्ये इंग्लंडला एक वर्षाची एमएससी केलेला मुलगा धरू. सरासरी 64. इथे शंका दोन: एका वर्षात मास्टर्स कशी झाली, आणि 64 टक्केच का? पहिलीचं उत्तर रेझ्युमेवरच द्यावं: 'पूर्णवेळ, 180 क्रेडिट'. तिथे एक क्रेडिट म्हणजे साधारण दहा तासांचा अभ्यास धरतात, म्हणजे प्रबंधासह सुमारे 1800 तास. दुसरीसाठी नुसती टक्केवारी लिहू नये. तिथे साधारणपणे 70 च्या पुढे डिस्टिंक्शन, 60 ते 69 मेरिट आणि 50 ला पास. म्हणून 'मेरिट' लिहावं. या गुणांचं स्वतःच सीजीपीएत रूपांतर करणं टाळावं, मूळ गुणपत्रकाशी आकडा जुळला नाही की तीच विसंगती ठरते.

समतुल्यता प्रमाणपत्र त्याने घ्यावं का, हे तो कुठे अर्ज करतो यावर आहे. खासगी कंपनीला बहुधा त्याची गरज पडत नाही. पडताळणी संस्था ब्रिटनमधल्या एचईडीडी या पदवी-तपासणी सेवेतून किंवा थेट विद्यापीठाकडून खात्री करून घेते. सरकारी नोकरी, प्राध्यापकी किंवा पीएचडीचा प्रवेश मनात असेल, तर मात्र जाहिरातीची वाट न पाहता अर्ज करावा. हे काम आधी भारतीय विद्यापीठ संघ, म्हणजे एआययू, करत असे. एप्रिल 2025 च्या विनियमांनंतर ते यूजीसीकडे आलं आहे, त्यामुळे जुने सल्ले वाचून चुकीच्या दारात जाऊ नका. ब्रिटनच्या एक वर्षाच्या मास्टर्सबाबत जुलै 2022 मध्ये दोन्ही देशांत परस्पर मान्यतेचा करार झालेला आहे, हाही मुद्दा हाताशी असू द्यावा. फ्रँचायझी पद्धतीने दिलेली परदेशी पदवी मात्र यूजीसीच्या 2025 च्या विनियमांत बसत नाही. वैद्यक, कायदा, वास्तुकला यांच्या पदव्यांसाठी त्या त्या परिषदेकडेच जावं लागतं.

त्याची ओळ अशी: एमएससी (मेरिट), विद्यापीठाचं पूर्ण नाव, शहर, युनायटेड किंगडम, 2024, पूर्णवेळ, 180 क्रेडिट. प्रमाणपत्र हातात आल्यावर त्याखाली 'यूजीसी समतुल्यता प्रमाणपत्र' आणि त्याचा क्रमांक. नुसता अर्ज केलेला असेल तर 'अर्ज प्रक्रियेत' आणि अर्जाची तारीख लिहावी, 'समतुल्य' हा शब्द तोपर्यंत वापरू नये.