मिंट फसतंय की क्लेम? पुन्हा बटण दाबण्याआधी

ट्रान्झॅक्शन Fail झालं, गॅसचे पैसे गेले आणि पुढच्या प्रयत्नाला वॉलेट आणखी जास्त फी मागतंय. अशा वेळी आधी एवढंच बघा: तुम्ही मिंट करताय की एअरड्रॉप क्लेम? बॉटची झुंबड दोन्हीकडे असते, पण थांबायचं गणित वेगळं आहे.

मिंटमध्ये माल मोजका असतो आणि जो आधी ब्लॉकमध्ये शिरेल त्याचा. समजा मिंटला १,५०,००० गॅस लागतो आणि बेस फी ४० ग्वेई आहे, म्हणजे खर्च ०.००६ ईथ. इथेरियमवर ब्लॉक पूर्ण भरला की पुढच्या ब्लॉकची बेस फी १२.५ टक्क्यांनी चढते, आणि ब्लॉक येतो दर १२ सेकंदांनी. असे सलग दहा ब्लॉक भरले तर दोन मिनिटांत ४० चे १३० ग्वेई होतात. तेव्हा कॉन्ट्रॅक्टने ६०,००० गॅस वापरून नकार दिला, तरी ०.००७८ ईथ खर्ची पडले. सुरुवातीला मिंट झालं असतं त्याहून जास्त, आणि हातात काही नाही.

म्हणून ब्लॉक एक्स्प्लोररवर फसलेलं ट्रान्झॅक्शन उघडा. Gas Used मर्यादेच्या जवळजवळ शंभर टक्के असेल तर बहुधा गॅस लिमिट कमी पडली. ती वाढवून एकदा प्रयत्न करायला हरकत नाही. त्याहून बराच कमी वापरून Reverted दिसत असेल, तर फी वाढवून कॉन्ट्रॅक्टचं मन वळत नाही. Read Contract मध्ये totalSupply कमाल संख्येला टेकलं असेल तर खेळ संपला.

क्लेममध्ये बहुतेक वेळा तुमच्या पत्त्यापुढचा आकडा आधीच ठरलेला असतो. बॉट पुढे गेला तरी तुमचा वाटा तसाच राहतो. आर्बिट्रमचं वाटप २३ मार्च २०२३ ला सुरू झालं तेव्हा क्लेमची साइट कोलमडली, एक्स्प्लोररही गडबडला. मुदत मात्र सप्टेंबरपर्यंत होती. पहिल्याच तासात विकायची घाई नसलेल्याने त्या दिवशी फी जाळायचं काही कारण नव्हतं. माझ्या मते क्लेम एकदा फसला की मुदत बघून गर्दी ओसरेपर्यंत थांबावं. अपवाद एकच: ‘आधी येईल त्याला’ असं मर्यादित वाटप असेल तर तो क्लेम नावाचाच, वागणं मिंटचं.

थांबायचं ठरवलं आणि एखादं ट्रान्झॅक्शन अजून Pending असेल, तर ते तसंच सोडू नका. फी उतरली की ते नको तेव्हा पार पडेल. त्याच नॉन्सवर, म्हणजे ट्रान्झॅक्शनच्या त्याच क्रमांकावर, कमाल फी आणि प्रायॉरिटी फी दोन्ही किमान १० टक्के वाढवून, स्वतःलाच शून्य ईथ पाठवा, म्हणजे जुनं बाद होईल.

आणि गॅससाठी टाकलेलं ईथ काही सेकंदांत वॉलेटमधून परस्पर गायब होत असेल, तर तो रांगेतला बॉट नव्हे. तुमची प्रायव्हेट की फुटली आहे. त्या पत्त्यावर आणखी एक पैसाही टाकू नका.