प्रूफ टेस्ट दरवर्षी की तीन वर्षांनी? टाकी-ओव्हरफ्लो रोखणाऱ्या यंत्रणेचे गणित

माहुल परिसरातील एखाद्या टर्मिनलवर जहाजातून पाइपलाइनने पेट्रोलची टाकी भरली जात असताना नेहमीचा लेव्हल गेज चुकला, तर शेवटचा आधार असतो तो स्वतंत्र हाय-हाय लेव्हल स्विच. तो सिग्नल देतो, सोलेनॉइड व्हॉल्व्ह उघडा धरणारी हवा सोडतो आणि इनलेट व्हॉल्व्ह बंद होतो. ही साखळी वर्षानुवर्षे काहीच न करता उभी असते, त्यामुळे तिच्यात शिरलेला बिघाड कोणाला दिसत नाही. तो शोधण्यासाठी ठरावीक काळाने जी मुद्दाम चाचणी घेतली जाते, ती प्रूफ टेस्ट; आणि खरी गरज पडेल तेव्हा साखळी काम करणार नाही याची सरासरी शक्यता म्हणजे पीएफडी. एकेरी साखळीसाठी तिचे साधे सूत्र असे:

```
PFDavg = λ_DU × TI / 2
```

येथे λ_DU म्हणजे दरवर्षी उद्भवणाऱ्या छुप्या, धोकादायक बिघाडांचा दर आणि TI म्हणजे दोन चाचण्यांमधील वर्षे. दोनने भागण्याचे कारण सरळ आहे: बिघाड या काळात केव्हाही होऊ शकतो, म्हणून तो सरासरी अर्धा काळ लपून राहतो.

उदाहरणासाठी पूर्ण साखळीचा दर वर्षाला ०.०१८ धरू; त्यातला ०.०१४ हा वाटा एकट्या व्हॉल्व्ह आणि सोलेनॉइडचा आहे. दरवर्षी चाचणी घेतली तर पीएफडी ०.००९ येते, म्हणजे हजार वेळा गरज पडल्यास साधारण नऊ वेळा साखळी दगा देईल. आयईसी ६१५११ या सुरक्षा-यंत्रणांच्या आंतरराष्ट्रीय मानकाप्रमाणे पीएफडी ०.०१ च्या खाली गेली की सिल-२ ही विश्वासार्हतेची पातळी सुरू होते, त्यामुळे ही साखळी काठावर का होईना, त्यात बसते. चाचणी तीन वर्षांनी घेतली तर पीएफडी ०.०२७ होते आणि साखळी खालच्या सिल-१ पातळीत घसरते. एवढ्यावरून पाहिले तर वार्षिक चाचणीच योग्य ठरते.

परंतु हे सूत्र प्रत्येक चाचणी सगळे बिघाड पकडते असे गृहीत धरते, आणि खरी तुलना इथेच फिरते. तंत्रज्ञाने स्विचची टेस्ट लिव्हर उचलली, कंट्रोल रूममध्ये अलार्म वाजला, व्हॉल्व्हचा ‘बंद’ दिवा लागला आणि अहवालावर सही झाली, असे समजा. यात फ्लोट चिकटला आहे का, हे कळले नाही; व्हॉल्व्हच्या सीटमधून गळती आहे का, हेही कळले नाही. अशी चाचणी ८० टक्के बिघाड पकडते असे धरले, तरी उरलेले २० टक्के पुढच्या वर्षीही सुटतात आणि उपकरण बदलेपर्यंत, समजा १५ वर्षे, तसेच राहतात. तेव्हा हिशेब असा होतो:

```
0.8 × 0.018 × 1/2 + 0.2 × 0.018 × 15/2 = 0.0342
```

म्हणजे दरवर्षी घेतलेली वरवरची चाचणी ही तीन वर्षांनी घेतलेल्या सखोल चाचणीपेक्षाही वाईट ठरते. म्हणून दोन चाचण्यांमधला काळ ठरवण्याआधी चाचणीची कार्यपद्धती हातात घेऊन प्रत्येक पायरीवर विचारावे, की ही पायरी नेमका कोणता छुपा बिघाड उघड करते.

आपल्या किनाऱ्यावर हा प्रश्न विशेष महत्त्वाचा आहे. खाऱ्या, दमट हवेत सोलेनॉइडची हवा बाहेर जाण्याची वाट गंजाने आक्रसते, आणि जाळी नसेल तर कुंभारीण माशी तिथे मातीचे घर करते. मग हवा सुटत नाही आणि व्हॉल्व्ह उघडाच राहतो. आणखी एक घातक सवय म्हणजे चाचणीच्या आधी व्हॉल्व्ह दोन-तीनदा फिरवून मोकळा करणे, कारण जो अडकलेपणा शोधायचा होता तोच त्यामुळे पुसला जातो. पहिल्या हालचालीला लागलेला वेळ, जसा सापडला तसा, नोंदवलाच पाहिजे.

मग चाचणी महिन्याला का घेऊ नये? कारण चाचणीच्या वेळी संरक्षण बायपास असते. टाकीत त्या वेळीही भरणा चालू असेल आणि दर महिन्याला आठ तास संरक्षण नसेल, तर तेवढ्यानेच पीएफडीत सुमारे ०.०११ ची भर पडते. शिवाय प्रत्येक चाचणीनंतर साखळी पूर्ववत न होण्याचा धोका असतो. २००५ मध्ये इंग्लंडमधील बन्सफील्ड येथे टाकी ओसंडली, तेव्हा स्वतंत्र स्विचची टेस्ट लिव्हर कार्यरत स्थितीत धरून ठेवणारे कुलूप लावलेले नव्हते आणि स्विच निकामी राहिला होता.

माझे मत असे, की दोन जहाजांच्या मधे टाकी मोकळी मिळत असेल तर सखोल वार्षिक चाचणीच घ्यावी. तशी सवड मिळत नसेल, तर व्हॉल्व्ह दर तीन महिन्यांनी थोडासा हलवून पाहणे, स्विच व त्याचा सिग्नल सोलेनॉइडपर्यंत नेणाऱ्या लॉजिकची चाचणी वर्षाला आणि व्हॉल्व्हची पूर्ण चाचणी दोन वर्षांनी, असा मेळ घालता येतो. थोड्या हालचालीने व्हॉल्व्हचे ६० टक्के बिघाड सापडतात असे धरल्यास पीएफडी जवळपास ०.००९ च राहते. मात्र त्यातून सीटची गळती कळत नाही. तीन वर्षांचा पर्याय या साखळीला सिल-२ साठी चालणारच नाही.

निवड केल्यावर नोंदी तपासत राहाव्यात. अशा दहा साखळ्या असतील, तर ०.०१८ या दराने पाच-सहा वर्षांत साधारण एक छुपा बिघाड सापडायला हवा. एकाच वर्षात दोन सापडले, तर गृहीत धरलेला दर बहुधा चुकीचा आहे, आणि कारण कळेपर्यंत चाचण्या अधिक जवळ आणाव्या लागतील.